बेजबाबदारपणामुळेच: एका लांब शब्दाची उकल

अपघाताच्या, पूल खचल्याच्या किंवा आग लागल्याच्या बातमीत एक शब्द हमखास भेटतो: ‘बेजबाबदारपणामुळेच’. वाचणारा तो एका दमात वाचून पुढे जातो आणि अर्थही अचूक समजतो. हाच शब्द शाळेतल्या मुलापुढे ठेवून ‘याचे घटक सांग’ म्हटले की गाडी अडते. मूल बहुधा डावीकडून सुरुवात करते. ‘बे’ वेगळा काढते, मग उरलेली ‘जबाबदारपणामुळेच’ ही लांबलचक आगगाडी पाहून थांबते.

मराठी शब्द उजवीकडून सोडवायचा असतो. प्रत्यय एकामागोमाग एक शेवटी लागत जातात आणि जो सगळ्यात उशिरा लागला तो सगळ्यात बाहेर असतो. म्हणून काढतानाही तोच आधी काढायचा. इथे टोकाला ‘च’ आहे. तो काढला की ‘बेजबाबदारपणामुळे’ उरते. शब्द धडधाकट आहे, फक्त त्यातला जोर गेला. मग ‘मुळे’ काढायचे, कारण दाखवणारे. ‘बेजबाबदारपणा’ राहतो. ‘पणा’ हा गुणाचे नाम करणारा प्रत्यय: मोठेपणा, साधेपणा, वेडेपणा. तोही काढला की ‘बेजबाबदार’ हे विशेषण हाती येते. आता उजवीकडे ‘दार’ दिसतो आणि डावीकडे ‘बे’. आधी कुणाला हात लावायचा?

याचे उत्तर मधला शब्द देतो. ‘दार’ आधी काढला तर ‘बेजबाब’ उरते, आणि असा शब्द मराठीत कुणी वापरत नाही. ‘बे’ आधी काढला तर ‘जबाबदार’ उरते, जो रोज बोलण्यात आहे. म्हणजे शब्द घडताना ‘दार’ आधी लागला आणि ‘बे’ नंतर. शेवटी ‘दार’ काढला की ‘जबाब’ उरतो. तो आणखी तोडता येत नाही. पोलीस नोंदवतात तो जबाब हाच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘उत्तर’, तो फारसीतून मराठीत आला. ‘बे’ आणि ‘दार’ फारसी, तर ‘पणा’, ‘मुळे’ आणि ‘च’ मराठी. ज्याला उत्तर द्यावे लागते तो जबाबदार, हे इथे उघडे पडते.

आता नावे ठेवायला हरकत नाही. सगळे काढून झाल्यावर जे तळाशी उरते ते मूळ. क्रियापद असेल तर त्याला धातू म्हणतात. मुळाला चिकटतो तो प्रत्यय, आणि तो पुढून लागला तर उपसर्ग. तिसरी गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. कोणताही एक प्रत्यय काढल्यावर त्या क्षणी जे उरते, ज्याला तो प्रत्यय लागला होता, त्याला पाणिनीच्या परंपरेत ‘अंग’ म्हणतात. मूळ एकच असते, अंगे मात्र दर पायरीला बदलतात. ‘मुळे’चे अंग ‘बेजबाबदारपणा’, ‘पणा’चे अंग ‘बेजबाबदार’, ‘दार’चे अंग ‘जबाब’. या शेवटच्या पायरीवर अंग आणि मूळ एकच झाले. लांब शब्द सोडवताना गोंधळ होतो तो बहुतेक वेळा अंगालाच मूळ समजल्यामुळे.

प्रत्यय म्हणून जे दिसते ते खरोखर प्रत्यय आहे का, हे तपासायला दोन प्रश्न पुरतात. तो तुकडा त्याच अर्थाने दुसऱ्या शब्दांत सापडतो का? आणि तो काढल्यावर जे उरते त्याचा अर्थ मूळ शब्दाच्या अर्थाशी जुळतो का? ‘बेताल’, ‘बेशिस्त’, ‘बेसावध’ या कसोटीला उतरतात. ‘बेडूक’ पहिल्या झटक्यात गळतो, कारण ‘डूक’ काही नाही. ‘बेसन’ मात्र फसवा आहे. ‘बे’ काढला की ‘सन’ उरतो आणि ‘सन’ हा तर चांगला चालता शब्द आहे. पण भज्यांच्या पिठाचा वर्षाशी काही संबंध नाही, म्हणून तुकडा पडत नाही. उरलेला भाग कोशात सापडला एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांची बेसनाने बऱ्याचदा फजिती केली आहे.

‘दार’चेही तसेच. ‘दुकानदार’, ‘वजनदार’, ‘पाणीदार’ सरळ सुटतात. ‘उदार’ मध्ये मात्र ‘दार’ नाहीच. ‘सरदार’ अधलामधला आहे: फारसीत ‘सर’ म्हणजे डोके आणि ‘दार’ म्हणजे धारण करणारा, त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने तो जोडलेलाच शब्द. पण आजच्या मराठी माणसाला तिथे ‘सर’ जाणवत नाही. शब्दाचा इतिहास शोधायचा असेल तर तो तोडावा, आजची भाषा समजून घ्यायची असेल तर अखंड ठेवावा. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाच उत्तरात दोन्हींची सरमिसळ नको.

इथवर मामला सोपा वाटतो, कारण ‘बेजबाबदारपणामुळेच’ मधले सांधे स्वच्छ आहेत. मराठीची खरी अडचण सांध्यातच आहे. नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी त्याचे रूप बदलते. हेच सामान्यरूप. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजच्या शालेय पुस्तकापर्यंत सगळ्यांना त्याला जागा द्यावी लागली आहे. ‘घोडा’ला ‘ने’ लागताना ‘घोड्या’ होतो, ‘पाऊस’चा ‘पावसा’, ‘देऊळ’चा ‘देवळा’, ‘विहीर’ची ‘विहिरी’. म्हणून मराठीत प्रत्यय नुसता काढून चालत नाही, काढल्यावर अंग दुरुस्तही करावे लागते. ‘देवळासमोर’ मधून ‘समोर’ काढला की ‘देवळा’ उरतो आणि कोशात ‘देवळा’ शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

‘गावाबाहेरच्यांनासुद्धा’ हा शब्द यासाठी चांगला नमुना आहे. ‘गावाबाहेरच्यांनासुद्धा जत्रेत मान असतो’ असे कुणीही सहज म्हणेल. ‘सुद्धा’ गेला, मग ‘ना’ गेला. उरले ‘गावाबाहेरच्यां’. त्याच्या डोक्यावरचा अनुस्वार शोभेचा नाही. एकाला दिले तर ‘गावाबाहेरच्याला’, अनेकांना दिले तर ‘गावाबाहेरच्यांना’, म्हणजे अनेकवचन त्या टिंबात बसले आहे. घाईत ‘ना’ काढणारा टिंबही पुसून टाकतो आणि एक घटक हिशेबातून गळतो. टिंब बाजूला ठेवून ‘च्या’ दुरुस्त केला की ‘गावाबाहेरचा’ मिळतो. त्यातून ‘चा’ काढला की ‘गावाबाहेर’, त्यातून ‘बाहेर’ काढला की ‘गावा’, आणि तो दुरुस्त केला की ‘गाव’.

या उतरंडीत एक गंमत आहे. शाळेत ‘चा’ षष्ठीचा प्रत्यय म्हणून शिकवतात, आणि विभक्तीचा प्रत्यय लागला की शब्द पूर्ण झाला अशी आपली समजूत असते. इथे ‘चा’ लागल्यावर शब्द संपत नाही. ‘गावाबाहेरचा’ हे ‘चांगला’सारखे विशेषण होते, नामासारखे वापरले जाते, त्याचे पुन्हा सामान्यरूप होते आणि त्यावर ‘ना’ बसतो. एकाच शब्दात दोनदा सामान्यरूप: एकदा ‘गावा’, एकदा ‘च्यां’. शब्द लांब होतो तो असा.

दुरुस्तीतही फसायला जागा आहे. ‘माळ्यावर’ हा शब्द एकटा समोर आला तर त्याचे मूळ सांगता येत नाही. सामान माळ्यावर ठेवले असेल तर मूळ ‘माळा’. मालक माळ्यावर रागावला असेल तर मूळ ‘माळी’. आकारान्त आणि ईकारान्त पुल्लिंगी नामे सामान्यरूपात ‘या’कडे जाऊन एकमेकांत मिसळतात, म्हणून परतीच्या वाटेवर दोन फाटे फुटतात. शेजारच्या ‘माळावर’ आणि ‘माळेवर’ मध्ये हा पेच नाही: पहिल्यात उघडे माळरान आहे, दुसऱ्यात गळ्यातली माळ. इथे वाक्य पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि शब्दाच्या पोटात नसलेली माहिती कितीही बारकाईने तोडले तरी बाहेर येत नाही.

‘पणा’ने तर याच नियमाला बगल दिली आहे. ‘घोडा’प्रमाणे पाहिले तर ‘मोठेपणा’चे ‘मोठेपण्याने’ व्हायला हवे, पण आपण ‘मोठेपणाने’ म्हणतो. ‘मोठेपण’ला ‘ने’ लावला तरी ‘मोठेपणाने’च होते. त्यामुळे बोलणाऱ्याच्या मनात ‘मोठेपण’ होते की ‘मोठेपणा’, हे त्या रूपावरून कळत नाही.

क्रियापदात तीच रीत थोड्या वेगळ्या तऱ्हेने चालते. ‘शिकवणाऱ्यांकडून’ घ्या. ‘कडून’ काढला, अनुस्वाराची नोंद केली, ‘णाऱ्या’ दुरुस्त करून ‘णारा’ केला. तो काढला की ‘शिकव’ उरतो. बरेच जण इथेच थांबतात, कारण ‘शिकवणे’ कोशात आहे. पण ‘शिकव’ हे अजून अंगच आहे. बस–बसव, हस–हसव, कळ–कळव या जोड्यांसारखाच तो ‘शिक’ला ‘व’ लागून झाला आहे, आणि ‘व’ म्हणजे दुसऱ्याकडून घडवणे. धातू ‘शिक’.

‘व’चा हा नियम कळला की हात शिवशिवतो आणि ‘मिरव’, ‘आठव’ यांवरही सुरी चालते. ‘मिर’ असा धातू नाही. ‘आठ’ हा आकडा आहे आणि आठवणींशी त्याचे काही देणे-घेणे नाही. बोलणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही धातू अखंड.

याच्या अगदी उलट जात ‘तोड’, ‘फोड’, ‘सोड’ची. ‘बस’ला ‘व’ लावून जे काम होते तेच ‘तुट’चा ‘तोड’ करून होते: दोरी तुटते, कुणीतरी ती तोडतो. अर्थाचा फरक नेमका तोच, पण प्रत्यय म्हणून वेगळा काढण्यासारखा तुकडा कुठेच नाही. स्वर बदलला, ‘ट’चा ‘ड’ झाला आणि प्रत्ययाचे काम धातूच्या पोटातच उरकले. ‘पड–पाड’ आणि ‘मर–मार’ मध्ये तर फक्त स्वर लांबतो. तेव्हा ‘झाडे तोडणाऱ्यांनीच’ मधला दुसरा शब्द उजवीकडून सोडवत आले की ‘च’, ‘नी’, अनुस्वार, ‘णारा’ हे सगळे सुटे होतात, आणि ‘तोड’पाशी सुरी खाली ठेवावी लागते. पुढे फक्त ‘तुट’ हा त्याचा जोडीदार शेजारी लिहून ठेवता येतो.