आधी पिनेचे पाय सरळ करा

स्टेपलर जाम झाला की आपण तो आणखी जोरात दाबतो आणि तिथेच घोळ वाढतो. आत एक पातळ पोलादी पट्टी असते. ती माळेतली सगळ्यात पुढची पिन तोडून फटीतून खाली ढकलते आणि खालच्या पत्र्यावरच्या दोन खाचा पिनेचे पाय आत वळवतात. दाब अर्ध्यातच सोडला, तर पिन फटीत अडकू शकते आणि मागची स्प्रिंग दुसरी पिन पुढे रेटते. एका पिनेच्या जागेत दोन पिना आल्यावर पुन्हा दाबलं, की त्या एकमेकींत गुंततात.

म्हणून आधी वरचं झाकण उघडून पिनांची माळ बाहेर काढावी. मग स्टेपलर चेहऱ्यापासून लांब, उजेडात धरून फटीत पाहावं. तारेचं टोक बाहेर आलं असेल तर चिमट्याने सरळ खाली ओढावं. आतच असेल तर जाड सुईने खालून वर ढकलावं, म्हणजे पिन माळेच्या खोबणीत परत येते. रिकामा स्टेपलर एकदा दाबून पट्टी मोकळी खालीवर होते का बघावं. माळेचं पुढचं टोक वाकडं असेल तर तेवढ्या पिना तोडून टाकाव्यात.

दोन रद्दी कागदांवरही पिन पुन्हा वाकली, तर माळ चुकीच्या मापाची आहे का ते आधी पाहावं. छोट्या स्टेपलरला दहा नंबरची पिन लागते, २४/६ ची रुंद पिन त्यात बसत नाही. माप बरोबर असेल तर पट्टी झिजलेली असण्याची शक्यता जास्त. दहा नंबरच्या पिनेचे पाय जेमतेम ५ मिलिमीटरचे, त्यामुळे साध्या वीसेक कागदांपलीकडे तिच्याकडून अपेक्षा करू नये.

कागदातली पिन काढताना मात्र घाई महागात पडते. समजा, जुन्या फाईलमध्ये फेरफार उताऱ्याला पावती जोडलेली आहे आणि पिन पावसाळ्यांनी गंजली आहे. ती पुढून उपसली, तर मागे वळलेले पाय भोकातून ओढले जातात आणि कागद तिथेच फाटतो. म्हणून कागद टेबलावर पालथे ठेवावेत. जाडसर प्लॅस्टिकची अरुंद पट्टी पिनेचा पाय आणि कागद यांच्यामध्ये सरकवावी. तिच्यावर बोथट चपटं पातं टेकवून एकेक पाय उभा करावा. बऱ्याच छोट्या स्टेपलरच्या मागच्या टोकाला असलेली पत्र्याची जीभही चालते, पण खाली प्लॅस्टिक हवंच. दोन्ही पाय उभे झाले की कागद उलटून पिनेची पाठ दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलावी. एकाच बाजूने उचलली तर दुसरा पाय तिरका होऊन भोक रुंदावतो.

गंजाने पाय कागदाला चिकटला असेल तर ओढू नये. पिनेची पाठ प्लॅस्टिकवर उचलून छोट्या कटरने मधोमध तोडावी आणि दोन्ही तुकडे आपापल्या भोकातून मागे काढावेत. गंजाचा डाग ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नये, कारण ओलाव्याने तो पसरतो.