पोर्टल बंद, पण नक्की कधीपासून?

२०२१ सालच्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने एक छोटीशी सूचना काढली होती. रविवार, १८ एप्रिल रोजी ००:०० ते १४:०० या वेळेत आरटीजीएस सेवा बंद राहील. १७ एप्रिलचे कामकाज संपल्यावर तांत्रिक सुधारणेचे काम होणार आहे. या काळात एनईएफटी नेहमीप्रमाणे चालू राहील. पुढच्याच महिन्यात पाळी उलटी आली. रविवार, २३ मे रोजी एनईएफटी बंद आणि आरटीजीएस चालू. या वेळी सुरुवातीची वेळ छापली होती ००:०१.

बंद कधी, चालू कधी, कारण काय आणि तोवर दुसरी वाट कोणती, हे सगळे चारपाच ओळींत बसले होते. शिवाय ‘अमुक तारखेचे कामकाज संपल्यावर’ या शब्दांमुळे मध्यरात्र कोणत्या दिवसाची, हा वादच उरला नाही.

आता कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रुपवर येणारी नेहमीची सूचना पाहावी: ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव पोर्टल दि. १४ डिसेंबर रोजी रात्री १२ वाजल्यापासून बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ हे वाचून विद्यार्थी निवांत होतो. त्याच्या हिशेबाने चौदा तारखेचा रविवार अख्खा हातात आहे. रात्री जेवण झाल्यावर असाइनमेंट अपलोड करू. सर्व्हर मात्र १४ डिसेंबरचे बारा मोजतो ते शनिवारची रात्र सरते त्या क्षणी. एकाच वाक्याचे दोन अर्थ आणि दोहोंत चोवीस तासांचे अंतर. सूचना लिहिणाऱ्या लिपिकालाही बहुधा ठाऊक नसते की त्याला यातला कोणता अर्थ अभिप्रेत आहे. तांत्रिक विभागाने फोनवर जे सांगितले, ते त्याने लेटरहेडवर उतरवलेले असते.

यावरचा उपाय साधा आहे. बाराचा उल्लेखच टाळावा आणि सुरुवात व शेवट दोन्हींना वार, तारीख आणि वेळ लावावी. ‘शनिवार, १३ डिसेंबर, रात्री ११ पासून रविवार, १४ डिसेंबर, पहाटे ४ पर्यंत’ असे लिहिले की कोणी चुकूच शकत नाही.

पण पाचच तास का? दोन का नाहीत? इथे मुळात काम काय चालते, ते बघायला हवे. देशातल्या अनेक महाविद्यालयांचे अभ्यासक्रम, चाचण्या आणि असाइनमेंट मूडल या मोफत प्रणालीवर चालतात. ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामास यांनी तयार केलेली ही प्रणाली २००२ साली बाहेर आली. तिची नवी आवृत्ती बसवायची म्हणजे आधी सगळ्या माहितीचा बॅकअप घ्यायचा, मग नवी आवृत्ती चढवायची, त्या ओघात डेटाबेसमधल्या तक्त्यांची रचना बदलते, आणि शेवटी सगळे ठीक आहे ना हे तपासायचे. जाणते लोक हे काम आधी पोर्टलच्या नकलेवर करून बघतात आणि घड्याळ लावतात.

समजा, अशा रंगीत तालमीत बॅकअपला ४० मिनिटे लागली, नवी आवृत्ती चढायला ५५ आणि तपासणीला ३०. एकूण दोन तास पाच मिनिटे. मग ‘दोन-अडीच तास पोर्टल बंद’ असे जाहीर करण्याचा मोह होतो, आणि तिथेच घोळ होतो. काम बिघडले तर मागे फिरावे लागते, म्हणजे बॅकअपमधून जुने पोर्टल पुन्हा उभे करावे लागते. त्याला तालमीत ७० मिनिटे लागली होती. वर ते नीट उभे राहिले की नाही हे बघायला आणखी अर्धा तास. म्हणजे पहाटे ४ वाजता काहीही झाले तरी पोर्टल सुरू हवे असेल, तर परतीचा निर्णय २ वाजून २० मिनिटांनी घ्यावाच लागतो. रात्री ११ ला सुरू झालेले काम सुरळीत गेले तर एक-सव्वाच्या सुमारास संपेल. नाही गेले, तर २:२० पर्यंत झगडता येईल. त्यानंतर हट्ट सोडून मागे. पाच तासांचा हिशेब हा असा आहे. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ अपयशासाठी राखलेला असतो, आणि बहुतेक रात्री तो वापरावा लागत नाही. पोर्टल लवकर उघडले म्हणून आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

वेळेच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे, तो तांत्रिक विभागासाठी. अनेक सर्व्हरवरचे घड्याळ भारतीय वेळेवर नसून जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपले रात्रीचे ११ म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेपाच. कोणी सर्व्हरवर ‘२३:०० वाजता काम सुरू’ असे लावून झोपले, तर ते काम आपल्या पहाटे साडेचारला सुरू होईल. म्हणजे जाहीर केलेल्या वेळेत पोर्टल छान चालू आणि ती वेळ उलटून गेल्यावर बंद!

आता अकराच्या ठोक्याला जे विद्यार्थी पोर्टलवर असतील, त्यांचे काय? मूडलमध्ये एकदम दार लावून न घेता आधी इशारा देण्याची सोय आहे. साडेदहाला सर्व्हरवर हा आदेश दिला की प्रत्येकाच्या पडद्यावर उलटी मोजणी दिसू लागते:

```
php admin/cli/maintenance.php --enablelater=30
```

तीस मिनिटे संपली की सगळ्यांना देखभालीचे पान दिसते, अगदी पोर्टलच्या व्यवस्थापकालाही ब्राउझरमधून आत जाता येत नाही. ज्याने अर्धवट मजकूर जतन केला नसेल, त्याचा मजकूर जाण्याची शक्यता असते.

खरी पंचाईत ऑनलाइन चाचणीची. मूडलची चाचणी उत्तरे अधूनमधून आपोआप जतन करत असते, पण तिचे घड्याळ पोर्टल बंद झाले म्हणून थांबत नाही. एखादीने १०:५० ला ४५ मिनिटांची चाचणी सुरू केली, तर तिची वेळ ११:३५ ला संपते, तेव्हा पोर्टल बंद असते. तिला प्रत्यक्षात दहाच मिनिटे मिळाली, पण नोंदीत ४५ गेली. म्हणून सूचनेत ‘रात्री १० नंतर नवीन चाचणी सुरू करू नये’ हे वाक्य हवेच. आणि ते विद्यार्थ्यांवर न सोपवता शिक्षकांनी त्या रात्रीच्या चाचण्यांची वेळ पुढे ढकलावी, हे बरे. असाइनमेंटचेही तेच. शनिवारी रात्री ११:५९ ही शिक्षकांची लाडकी मुदत. ती बरोबर बंद काळात येते. प्रत्येक विषयाची मुदत उघडून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत नेणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते सूचना काढण्यापूर्वी झाले पाहिजे, म्हणजे सूचनेत नवी मुदत ठामपणे सांगता येते.

सर्वांत जास्त फोन मात्र येतात ते पैशांचे.

फी भरण्याची यंत्रणा पोर्टलपेक्षा वेगळी असते. विद्यार्थी यूपीआयने पैसे भरतो, बँकेतून रक्कम वळती होते, आणि मग पेमेंट गेटवे पोर्टलला ‘पैसे मिळाले’ असा निरोप पाठवतो. १०:५८ ला पैसे भरले आणि निरोप ११:०१ ला आला, तर तो घ्यायला पोर्टल जागेवर नसते. खात्यातून रक्कम गेली, पावती नाही. घाबरलेला पालक सकाळी पुन्हा भरतो आणि मग परताव्यासाठी लेखा विभागाच्या फेऱ्या सुरू होतात. अशा वेळी दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. व्यवहारच अर्धवट राहिला, पैसे कापले गेले पण विक्रेत्यापर्यंत पुष्टी पोहोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण पैसे महाविद्यालयाकडे पोहोचले आणि फक्त पोर्टलला ते कळले नाही, तर परत काहीच यायचे नसते. गेटवेची यादी आणि पोर्टलची यादी ताडून पाहिली की पावती निघते. विद्यार्थ्याला यातले कोणते घडले हे कळणे अवघड. म्हणून सूचनेत फी भरणे साडेदहालाच थांबवावे आणि स्पष्ट लिहावे: पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका, व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

हे सगळे धरून सूचना पुन्हा लिहिली तर ती अशी दिसेल:

‘शनिवार, १३ डिसेंबर, रात्री ११ पासून रविवार, १४ डिसेंबर, पहाटे ४ पर्यंत पोर्टल बंद राहील. नवी आवृत्ती बसवायची आहे. रात्री १० नंतर चाचणी सुरू करू नका. फी भरणे १०:३० ला बंद होईल. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर पुन्हा भरू नका, व्यवहार क्रमांक घेऊन सोमवारी लेखा विभागात या. शनिवारी रात्रीपर्यंत द्यायच्या सर्व असाइनमेंटची मुदत आता रविवार, संध्याकाळी ६. महाविद्यालयाचा ईमेल चालू राहील. मोबाइल ॲपमध्ये आधी उतरवून ठेवलेल्या नोट्स वाचता येतील. रविवारी पुन्हा लॉगिन करावे लागेल. पासवर्ड तोच आहे.’

शेवटचे वाक्य किरकोळ वाटते, पण ते नसले की रविवारी सकाळी निम्मा वर्ग ‘पासवर्ड विसरलो’वर टिचक्या मारत बसतो. ही सूचना फक्त पोर्टलवर लावून भागत नाही, हेही ओघाने आलेच. बंद पोर्टलवरची सूचना कोण वाचणार? आठवडाभर आधी एकदा, शुक्रवारी एकदा, आणि वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारी संध्याकाळी एकदा एवढे पुरते.

ठरलेले काम चालू आहे की पोर्टल खरोखरच कोसळले आहे, हे पडद्यावरून ओळखता येते. नियोजित देखभालीत पोर्टल उत्तर देते. 503 हा क्रमांक आणि ‘देखभाल चालू आहे’ असा मजकूर दिसतो. ब्राउझर नुसताच फिरत राहिला किंवा सर्व्हर सापडत नाही म्हणाला, तर आपले इंटरनेट तपासावे, आणि ते ठीक असेल तर कळवावे. पहाटे ४ नंतर पान उघडले पण मोडकेतोडके दिसले, तर बहुधा ब्राउझर जुन्या साठवलेल्या फाइली दाखवत असतो. संगणकावर Ctrl + F5 दाबून पाहावे.

आणि ४ वाजताही पोर्टल उघडलेच नाही तर? २:२० ची मर्यादा पाळली नाही की हे घडते. अशा वेळी तांत्रिक विभागाने ४ वाजण्यापूर्वीच दुसरा निरोप पाठवायचा असतो: काम लांबले आहे, पुढची माहिती सकाळी ७ वाजता, आणि असाइनमेंटची मुदत रविवारी ६ ऐवजी सोमवारी ६. सात वाजता सांगण्यासारखे नवे काही नसले, तरी सात वाजता तेवढेच कळवायचे.