भिंतीपुढे सरळ, भिंतीमागे वळण

6 ऑक्टोबर 2001. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंड ग्रीसविरुद्ध 1-2 असा पिछाडीवर होता आणि भरपाई वेळ सुरू झाली होती. विश्वचषकात थेट प्रवेश मिळवायला बरोबरी पुरेशी होती. डेव्हिड बेकहॅमच्या त्या दिवशीच्या बऱ्याच फ्री किक वाया गेल्या होत्या, तरी ही शेवटची त्यानेच घेतली. चेंडू भिंतीवरून गेला, डावीकडे वळला आणि वरच्या कोपऱ्यात शिरला. गोलकीपर निकोपोलिदिस जागचा हललाही नाही. तो का हलला नाही, हे समजलं की वळणाऱ्या फ्री किकचं मर्म समजतं.

समजा, गोल 27 मीटरवर आहे. नियमाप्रमाणे भिंत चेंडूपासून किमान 9.15 मीटर दूर उभी राहते, म्हणजे ती साधारण एक तृतीयांश वाटेवर येते. फिरणाऱ्या चेंडूवर हवेचा बाजूने येणारा जोर सतत लागत असतो, आणि त्याने पडणारं वळण वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढतं. त्यामुळे तिसरा हिस्सा वाट संपते तेव्हा वळण जेमतेम नववा हिस्सा झालेलं असतं. चेंडू एकूण तीन मीटर वळणार असेल, तर भिंतीजवळ तो फूटभरच वळलेला असतो. बाकीचं सगळं वळण भिंतीच्या पलीकडे पडतं. उजव्या पायाने डाव्या कोपऱ्यासाठी मारलेला असा चेंडू निघतो तेव्हा त्याचा रोख कोपऱ्याच्या तीन मीटर उजवीकडे, जवळजवळ गोलाच्या मध्यावर असतो. गोलकीपरला तो आपल्याच आवाक्यात येतोय असं वाटतं. खरी दिशा कळेपर्यंत झेप घ्यायची वेळ निघून गेलेली असते.

हे साधतं ते बुटाच्या चेंडूला होणाऱ्या स्पर्शातून, आणि तो स्पर्श टिकतो सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागाइतका. चेंडूचा व्यास साधारण 22 सेंटीमीटर. उजव्या पायाने मारणाऱ्याने चेंडूच्या मध्यापासून थोडं उजवीकडे आणि थोडं खाली मारायचं, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या आतल्या बाजूने, घोटा घट्ट ठेवून. फार कडेला मारलं तर चेंडू गरगर फिरतो, पण वेग जातो आणि गोलकीपर तो सहज पकडतो. फार मध्यावर मारलं तर वेग मिळतो, पण फिरकी नाही. फार खाली मारलं तर चेंडू प्रेक्षकांत जातो. मारणाऱ्याला हे पायाच्या स्पर्शावरूनच कळतं. बघणाऱ्याने चेंडूवरचे पट्टे पाहावेत. ते एकाच दिशेने स्वच्छ फिरत असतील तर फटका नीट बसला आहे, डगमगत असतील तर चेंडू मध्याजवळ लागला आहे.

असा स्पर्श सरळ धावत येऊन जमत नाही, कारण पाय चेंडूच्या मागून सरळ पुढे जातो. म्हणून रन-अप तिरका घ्यायचा. उजव्या पायाचा खेळाडू चेंडूच्या मागे डावीकडून, साधारण 45 अंशांतून येतो. बेकहॅम तर त्याहून आडवा येई. डावा पाय चेंडूशेजारी रोवून, डावा हात पसरून शरीर मागे डावीकडे इतकं झुकवी की आता तोल जाईल असं वाटे. त्या झुकण्यामुळे उजव्या पायाला चेंडूच्या बाजूने फिरायला जागा मिळते. मला त्याच्या सगळ्या हालचालीत हीच सर्वांत देखणी वाटते.

आता भिंत. ती उभी करणारा असतो गोलकीपर. तो जवळच्या खांबापाशी जाऊन चेंडू, भिंतीचा कडेचा माणूस आणि खांब एका रेषेत आणतो, आणि त्या रेषेच्या बाहेर आणखी एक माणूस ठेवतो. आपल्या उदाहरणात भिंतीजवळचा चेंडू कोपऱ्याकडे जाणाऱ्या सरळ रेषेपासून सुमारे पाऊण मीटर दूर असतो, म्हणजे एका माणसाच्या रुंदीहून जास्त. कडेने वळवून घेतलेल्या किकसाठी तो जास्तीचा माणूस लागतो, तो याचमुळे. भिंत गोलाची एक बाजू झाकते, गोलकीपर दुसरी सांभाळतो. म्हणून निकोपोलिदिस भिंतीमागे नव्हता, दुसऱ्या बाजूला होता, आणि वळण त्याच्यापासून दूर जात होतं.

पण भिंतीवरून न्यायचं तर उंचीचाही हिशेब आहे. उडी मारलेल्या खेळाडूंवरून चेंडू जेमतेम काढला आणि तो ताशी 90 किलोमीटर वेगाने गेला, तर केवळ गुरुत्वाकर्षणाने तो 2.44 मीटर उंचीच्या क्रॉसबारखाली येत नाही, मीटरभर तरी वरून जातो. म्हणून वेग आवरावा लागतो किंवा फिरकीचा अक्ष थोडा कलवावा लागतो. बाजूच्या फिरकीत पुढची फिरकी मिसळली की हवा चेंडूला खालीही दाबते. त्यासाठी पाय बाजूने फिरताना वरही घासत जायला हवा. गोल जवळ असेल तर खाली यायला अंतरच उरत नाही. सोळा-सतरा मीटरवरून भिंतीवरून वळवलेला गोल विरळा, तो याच कारणाने.