आठशे पंच्याऐंशी रुपयांचा अर्ज

क्रेडिट कार्डाचे बिल पाच दिवस उशिरा भरले आणि पुढच्या बिलात विलंब शुल्क येऊन बसले. वर्षानुवर्षे वेळेवर पैसे भरणाऱ्या एका शिक्षिकेची गोष्ट समजा. रागाच्या भरात त्या लिहितात: ‘मी तुमची जुनी ग्राहक आहे. हे शुल्क अन्यायकारक आहे. ताबडतोब रद्द करा.’ मजकूर वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला यातून कार्ड कोणते, रक्कम किती, कारण काय, यातले काहीच कळत नाही. त्याचे उत्तरही तसेच छापील येते.

लिहिण्याआधी तारखा मोजाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ थकबाकी राहिली, तरच विलंब शुल्क लावता येते. पैसे दुसऱ्या दिवशी भरूनही शुल्क लागले असेल, तर विनंती कसली? सरळ नियम दाखवून तक्रार करावी. शिक्षिकेचे मात्र पाच दिवस झाले. शुल्क नियमात बसते, ते माफ करणे बँकेच्या मर्जीवर आहे. म्हणून ‘अन्याय’ हा शब्द आधी खोडावा लागतो.

सुधारलेला अर्ज असा:

‘माझ्या कार्डाचे (शेवटचे चार अंक 4417) 18,640 रुपयांचे बिल 12 जुलैला देय होते. पगाराचे खाते बदलल्याने जुन्या खात्यावरचे ऑटो डेबिट झाले नाही. लक्षात येताच 17 जुलैला पूर्ण रक्कम भरली. पावती जोडली आहे. मागच्या तीन वर्षांत एकही बिल उशिरा भरलेले नाही. नव्या खात्यावर ऑटो डेबिट सुरू केले आहे. 750 रुपये विलंब शुल्क आणि त्यावरचा 135 रुपये जीएसटी, असे 885 रुपये कृपया कार्डखात्यात परत जमा करावेत.’

इथे कारण एकच आहे आणि ते कागदावर तपासता येते. आजारपण, प्रवास आणि नेटवर्क अशी तीन कारणे एकदम दिली की तिन्हींवरचा विश्वास उडतो. तीन वर्षांचा दावाही जुनी बिले चाळूनच करावा, कारण बँकेच्या पडद्यावर सगळा इतिहास दिसत असतो. उशिरामुळे लागलेले व्याज ही वेगळी नोंद असते; तेही माफ हवे असेल तर आकड्यासह वेगळे मागावे लागते.

पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही किंवा ओटीपी अर्जात कधीच नको. शुल्क परत करण्यासाठी बँकेला ओटीपी लागत नाही. तो मागणारा फोन आला तर तो भामट्याचा.

अर्ज बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा अधिकृत ईमेलवर पाठवून तक्रार क्रमांक जपून ठेवावा. नकार आला तर एकदा वरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येते. तीन दिवसांचा नियमच मोडला असेल आणि 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मर्जीतली माफी नाकारली म्हणून तिथे गेल्यास फारसे काही हाती लागत नाही.