गुडघ्याखालच्या तीन रेघा

पायाच्या अँजिओग्राफीनंतर नातेवाइकांना चित्रं दाखवायला बसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, ब्लॉक किती टक्के आहे?" हृदयाच्या अँजिओग्राफीमुळे टक्क्यांची ही भाषा घरोघरी पोचली आहे. पायाच्या बाबतीत मात्र ती फारशी कामाची नाही. ब्लॉक कुठे आहे ते पाहून माझी नजर लगेच खाली, गुडघ्याच्या पलीकडे जाते. तिथे तीन रेघा दिसायला हव्यात. त्यांतल्या किती शिल्लक आहेत आणि त्यांतली एखादी तरी सलग पावलापर्यंत पोचते का, यावर पाय वाचणार की नाही हे बरंचसं ठरतं.

या रेघा म्हणजे पोटरीतल्या तीन धमन्या. महाधमनी साधारण बेंबीच्या पातळीला दुभंगते आणि तिची एकेक शाखा एकेका पायात उतरते. जांघेखाली तिला पुन्हा दोन फाटे फुटतात. एक मांडीत खोल शिरून तिथल्या स्नायूंना रक्त देतो. दुसरा मांडीत कुणाला फारसं काही न देता थेट गुडघ्यामागे जातो. हा लांब फाटा पाच-सहा मिलिमीटर रुंद असतो आणि मांडीच्या खालच्या भागात स्नायूंच्या एका अरुंद बोगद्यातून जातो. सर्वांत जास्त ब्लॉक तिथेच सापडतात. गुडघ्याखाली त्याच्या तीन धमन्या होतात, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या. पुढची नडगीजवळून पावलाच्या वरच्या बाजूला येते, मागची घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात जाते, आणि मधली घोट्यापाशी संपून बारीक शाखांनी त्या दोघींना जोडली जाते.

एक रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ६६, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, चौदा वर्षांचा मधुमेह. तरुणपणी विडी ओढत, पुढे तंबाखूची पुडी लागली. दोन वर्षांपासून शंभरेक पावलं चाललं की उजव्या पोटरीत गोळा यायचा आणि दोन मिनिटं उभं राहिलं की जायचा. "नस दबलीय" असं समजून कमरेला पट्टा बांधून झाला होता. कमरेच्या नसेचं दुखणं बहुधा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर कमी होतं. रक्त कमी पडल्याचं दुखणं जागच्या जागी नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. हा फरक कुणी विचारलाच नव्हता. मग चपलेच्या अंगठ्याने दुसऱ्या बोटाला जखम झाली. सहा आठवड्यांनीही ती भरेना आणि बोटाचं टोक काळं पडलं. रात्री पाय इतका दुखायचा की ते तो खाटेखाली लोंबता ठेवून झोपत.

अशा वेळी घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या दाबाने भागतात. उत्तर ०.९ च्या खाली आलं तर धमन्या अरुंद झाल्या आहेत असं समजतात. काकांचं उत्तर आलं १.५. कागदावर ते नॉर्मलपेक्षाही चांगलं दिसत होतं आणि म्हणूनच धोक्याचं होतं. दीर्घ मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचतो. मग पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही आणि आकडा खोटाच मोठा येतो. पायाच्या बोटांच्या धमन्या सहसा यातून सुटतात, म्हणून अंगठ्याला छोटा पट्टा लावून दाब मोजला. तो २८ आला. तिशीच्या खालच्या दाबावर जखम भरणं अवघड असतं. बोट कापायला सांगणारा सल्ला त्यांना आधीच मिळाला होता. रक्त पोचत नसताना बोट कापलं असतं तर कापल्याची जखमही भरली नसती.

अँजिओग्राफी भूल न देता, फक्त जांघेची जागा बधिर करून होते. काकांच्या डाव्या जांघेतून सोनोग्राफीच्या मदतीने सुई घातली, तिच्यातून तार, आणि तारेवरून दोन मिलिमीटरची नळी. सुई काढून तारेवरून नळी सरकवण्याची ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली आणि आजही आम्ही तशीच वापरतो. डावीकडून वर जाऊन महाधमनीच्या दुभाजकावरून तार उजव्या पायात उतरवली.

आता चित्रांबद्दल. डाय म्हणजे आयोडीन असलेलं पारदर्शक द्रव. आयोडीन क्ष-किरण अडवतं, त्यामुळे रक्तासोबत ते जिथे जातं तिथला धमनीचा पोकळ भाग उमटतो. डाय सोडण्याआधी यंत्र एक कोरं चित्र घेतं आणि पुढच्या प्रत्येक चित्रातून ते वजा करतं. हाडं पुसली जातात आणि फिक्या पडद्यावर काळ्या धमन्या उरतात. या वजाबाकीसाठी पाय जराही हलून चालत नाही. डायने पाय गरम होतो आणि रुग्ण दचकतो, म्हणून आम्ही आधीच सांगतो, "आता पायात ऊब वाटेल, हलू नका." डायचा भार मूत्रपिंडावर पडतो. काकांचं क्रिॲटिनिन १.४ होतं, म्हणून दर वेळी थोडीच डाय वापरायची हे आधीच ठरलं होतं.

पोटातल्या आणि जांघेतल्या धमन्या रुंद, स्वच्छ दिसल्या. मांडीतली लांब धमनी मात्र त्या बोगद्यापाशी एकदम तुटली. पुढे बारा सेंटिमीटर काहीच नव्हतं. पण तुटलेल्या टोकाच्या आसपास बारीक, नागमोडी शाखांचं जाळं होतं. शरीराने वर्षानुवर्षं मांडीच्या खोल धमनीतून काढलेल्या या आडवाटा. त्यांच्यातूनच गुडघ्याच्या किंचित वर धमनी पुन्हा भरलेली दिसली. अशा जाळ्यामुळेच काका इतकी वर्षं शंभर पावलं तरी चालू शकले. जाळं दाट असेल तर ब्लॉक जुना आहे असं समजावं. गुठळी अचानक येऊन अडकली तर धमनीचं टोक वाटीसारखं गोल दिसतं, आडवाटा नसतात, आणि काही तासांतच पाय थंड, बधिर पडतो.

गुडघ्याखाली आम्ही थांबून वाट पाहिली, आणि हे फार महत्त्वाचं आहे. निरोगी पायात डाय काही सेकंदांत पावलात उतरते. काकांच्या पायात वीस सेकंदांच्या आसपास लागले. चित्रण लवकर थांबवलं तर जिवंत धमनी बंद असल्यासारखी वाटते, आणि "खाली काही नाही" या शेऱ्यावर पाय कापायचं ठरू शकतं. वाट पाहिल्यावर मधली धमनी सलग घोट्यापर्यंत दिसली. पुढची दोन ठिकाणी बारीक होती, पण पावलावर पोचत होती. मागची बंद होती. जखम दुसऱ्या बोटाला आणि त्या बोटाकडे रक्त येतं ते मुख्यतः पुढच्या धमनीतून. इथेच उपचाराचा बेत ठरला.

या चित्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ते पोकळी दाखवतं, भिंत नाही. एका बाजूने साचलेला थर समोरून पाहिला तर लपतो, म्हणून दोन कोनांतून चित्र घ्यावं लागतं. तंबाखूचं व्यसन असलेल्या चाळिशीच्या आतल्या काही पुरुषांत वेगळंच चित्र दिसतं. मांडीपर्यंत धमन्या गुळगुळीत, गुडघ्याखाली एकदम तुटलेल्या, भोवती बुचाच्या स्क्रूसारखी पीळदार रक्तवाहिन्यांची वळणं. हा बर्जर आजार. तिथे स्टेंट सहसा उपयोगी पडत नाही. तंबाखू पूर्ण सुटली तरच पुढचं बोट वाचतं.

काकांच्या ब्लॉकमधून तार पार करायला चाळीस मिनिटं लागली. मग पाच मिलिमीटरचा फुगा तीन मिनिटं फुगवून ठेवला. फुगा ब्लॉक विरघळवत नाही. तो थर चिरडून, थोडा फाडून भिंतीकडे दाबतो. म्हणून फुगा काढल्यावरचं चित्र सर्वांत बारकाईने बघावं लागतं. वरचा भाग छान उघडला होता. खालच्या भागात भिंतीचा एक पापुद्रा सुटून रक्ताच्या वाटेत लोंबत होता, पांढरट तिरप्या रेषेसारखा. फक्त तेवढ्याच भागात आठ सेंटिमीटरचा स्टेंट बसवला. पुढच्या धमनीला अडीच मिलिमीटरचा फुगा पुरला. मागच्या धमनीला हात लावला नाही.

सगळा बारा सेंटिमीटर भाग स्टेंटने का भरला नाही, असं त्यांच्या मुलाने विचारलं. मांडीतली धमनी चालताना पिळते, आखडते, वाकते. स्टेंट लवचीक निटिनॉलचा असला तरी लांबी वाढली की तुटण्याचा आणि आत पेशी वाढून पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. गुडघ्याच्या मागे आणि जांघेच्या वळणावर आम्ही शक्यतो स्टेंट टाळतो. याउलट पोटातल्या रुंद, स्थिर धमनीत तो वर्षानुवर्षं टिकतो.

हृदयाआधी हे तंत्र पायासाठीच जन्माला आलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली धमनी नुसत्या नळ्यांनी रुंद केली. बोटं सडत होती आणि पाय कापायला त्या नकार देत होत्या. पाय उबदार झाला आणि त्या अखेरपर्यंत स्वतःच्या पायांवर चालल्या. झुरिचमध्ये ग्रुंटझिग यांनी फुगा प्रथम पायाच्या धमनीत वापरला तो १९७४ साली. हृदयात तो १९७७ मध्ये गेला.

नळी काढल्यावर काकांच्या जांघेवर वीस मिनिटं हाताने दाब दिला आणि सहा तास डावा पाय सरळ ठेवायला सांगितला. शौचाला उठायचं नाही, खोकला आला तर जांघेवर हात दाबायचा. या तासांत आम्ही दोन गोष्टींना घाबरतो. जांघेत फुगत जाणारी, ठोके देणारी गाठ म्हणजे टोचलेली जागा बुजलेली नाही. आणि बाहेर काहीच न दिसता कंबर किंवा कूस दुखणं, घाम, घसरता रक्तदाब, म्हणजे रक्त पोटाच्या मागच्या बाजूला साचत असेल. उपचार केलेलं पाऊल अचानक गार, पांढरं पडलं तर एक तासही थांबू नये. हे सगळं मी घरच्यांना तोंडी सांगते आणि कागदावरही लिहून देते.

तिसऱ्या दिवशी काकांच्या घरून घाबरून फोन आला, "पाय सुजलाय, लाल झालाय." पाय गरम होता, ताप नव्हता, पोटरी मऊ होती. बऱ्याच दिवसांनी रक्त भरपूर आलं की असं होतं. बसताना पाय उंच ठेवायला सांगितलं आणि दोन आठवड्यांत सूज उतरली. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या तीन महिने, मग एकच कायमची, आणि कोलेस्टेरॉलची गोळी रोज. कोणती गोळी किती काळ घ्यायची हे रुग्णागणिक बदलतं, पण दात काढायचा म्हणून कुणाच्याही सांगण्यावरून ती परस्पर बंद करू नये. पहिला आठवडा वजन उचलायचं नाही, जिना बेताने. बोटाचं काळं टोक दहाव्या दिवशी सर्जनने काढलं, आणि ती जखम भरायला अकरा आठवडे लागले. रक्त आलं म्हणजे जखम आठवड्यात भरेल अशी घरच्यांची समजूत होती. त्या अकरा आठवड्यांत त्यांना तीन वेळा वाटलं की स्टेंट फुकट गेला.

सातव्या महिन्यात चारशे पावलांनंतर पोटरीत पुन्हा गोळा येऊ लागला. डॉपलरवर स्टेंटच्या आत रक्ताचा वेग आधीच्या भागापेक्षा अडीच पट होता. म्हणजे आत पेशींचा थर वाढून निम्म्याहून अधिक जागा गेली होती. औषधं, चालणं, तंबाखू सोडणं, सगळं नीट पाळूनही काही पायांत हे होतंच. काका खचले. पण बोटाची त्वचा शाबूत होती. जखम भरायला जेवढं रक्त लागतं, त्याच्या मानाने भरलेली त्वचा टिकवायला फार थोडं पुरतं. म्हणून आम्ही लगेच पुन्हा फुगा घातला नाही. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास, गोळा येईपर्यंत चालायचं, थांबायचं, गेला की पुन्हा चालायचं, असं बारा आठवड्यांसाठी ठरवलं. गोळा येणं धोक्याचं नाही, हे पटायला त्यांना वेळ लागला. नवी जखम किंवा रात्रीचं दुखणं दिसलं तर त्याच दिवशी यायचं, असंही सांगितलं.

तीन महिन्यांनी डॉपलरचा वेग तेवढाच होता. काका स्टँडपासून घरापर्यंत वाटेत एकदाच थांबून येत होते. पायात पुढून बंद, मऊ बूट होते, आणि बूट घालण्याआधी नातू रोज आत हात घालून खडा नाही ना ते बघतो, असं त्यांनी सांगितलं.