ओढतो आपण, ढकलते हवा!

उन्हाळ्यात शहाळेवाला शहाळ्याला भोक पाडतो, त्यात स्ट्रॉ सरकवतो आणि आपण गार पाणी ओढू लागतो. ‘ओढू लागतो’ हा शब्द मात्र फसवा आहे. पाण्याला पकडून ओढता येईल असे काही आपल्या तोंडात नसते. मग पाणी वर येते कसे?

आपल्या डोक्यावर हवेचा अनेक किलोमीटर उंचीचा थर आहे. समुद्रसपाटीला त्याचा भार दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम इतका पडतो. शहाळ्यातल्या पाण्यावरही हवा असाच दाब देत असते. स्ट्रॉ नुसती बुडवून ठेवली तर आतल्या पाण्यावरही तोच दाब असतो. दोन्हीकडचा जोर सारखा असल्यामुळे पाणी जागचे हलत नाही.

आता ओठ स्ट्रॉभोवती घट्ट मिटून आपण जीभ आणि गाल असे हलवतो, की तोंडातली पोकळी वाढते. तेवढीच हवा जास्त जागेत पसरल्यामुळे तिचा दाब कमी होतो. बाहेरचा दाब तसाच असतो. त्यामुळे बाहेरची हवा पाण्याला स्ट्रॉमधून वर ढकलते. पाण्यापासून ओठ वीस सेंटिमीटर उंच असतील, तर तोंडातला दाब जेमतेम पन्नासाव्या हिश्श्याने कमी करावा लागतो. म्हणूनच लहान मूलही सहज पाणी पिऊ शकते.

याची परीक्षा घरीच घेता येते. दोन स्ट्रॉ एकदम तोंडात धरा. एक सरबताच्या पेल्यात बुडवा, दुसरी पेल्याबाहेर मोकळी सोडा. आता कितीही जोर लावला तरी सरबत वर येणार नाही. मोकळ्या स्ट्रॉमधून हवा तोंडात शिरते आणि दाब उतरूच देत नाही. स्ट्रॉला चीर गेली की सरबताऐवजी बुडबुडेच येतात, त्याचेही कारण हेच. याउलट, शहाळ्याचे भोक स्ट्रॉभोवती अगदी घट्ट बसले तर थोडे पाणी आल्यावर धार थांबते. आत हवाच शिरू शकत नाही, तेव्हा पाण्याला ढकलणार कोण? स्ट्रॉ जरा हलवून फट केली की पाणी पुन्हा येऊ लागते.

हवाच ढकलत असेल, तर तिच्या जोराला मर्यादाही हवी. ती आहेच. पंपाने विहिरीतले पाणी सुमारे दहा मीटरच्या वर ओढता येत नाही, हे गॅलिलिओच्या काळी लोकांना माहीत होते; पण कारण उमगत नव्हते. त्याचा शिष्य टॉरिचेलीने १६४४ च्या सुमारास याचे उत्तर दिले. पाण्यापेक्षा साडेतेरापटींहून जड असलेला पारा त्याने काचेच्या बंद नळीत भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली. पारा खाली घसरला, पण सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबला. हवा एवढाच भार तोलू शकत होती. पाण्याच्या बाबतीत हीच उंची सुमारे १०.३ मीटर होते. तेव्हा चौथ्या मजल्यावर उभे राहून जमिनीवरच्या पेल्यातले सरबत स्ट्रॉने पिणे कुणालाच शक्य नाही. स्ट्रॉतली सगळी हवा काढून टाकली तरी नाही. खोल विहिरीत मोटार खाली, पाण्याजवळ किंवा पाण्यातच बसवतात ती याचसाठी. तिथून पंप पाणी ओढत नाही, वर ढकलतो.

व्हॅक्यूम क्लीनरही हीच युक्ती वापरतो. त्यातला वेगवान पंखा आतली हवा बाहेर फेकतो, म्हणून आतला दाब कमी होतो. नळीचे तोंड हाताने पूर्ण बंद केले तरी घरगुती यंत्रात तो साधारण पाचव्या हिश्श्यानेच उतरतो. म्हणजे नाव व्हॅक्यूम असले तरी आत खरी निर्वात पोकळी कधीच नसते. खोलीतली हवा त्या कमी दाबाकडे धावते आणि वाटेतली धूळ, केस, पोळीचे कण सोबत नेते. पिशवीचे कापड हवा जाऊ देते, धूळ अडवते.

खरा फरक या धावत्या हवेवर पडतो. पिशवीची छिद्रे धुळीने बुजली किंवा नळीत मोजा अडकला, तर हवा वाहेनाशी होते. अशा वेळी मोटारीचा आवाज खाली न जाता उलट चढतो. मोटार जोर करते आहे असे वाटते. पण पंख्याला ढकलायला हवाच कमी मिळते, म्हणून तो मोकळा, आणखी वेगाने फिरतो. शिवाय बहुतेक यंत्रांत हीच वाहती हवा मोटारीला गार ठेवते. तेव्हा आवाज चिरका झाला आणि कचरा उचलेनासा झाला, तर यंत्र लगेच बंद करावे, पिशवी रिकामी करावी आणि नळीत काही अडकले आहे का ते पाहावे. यंत्र बहुधा बिघडलेले नसते, बाहेरच्या हवेची आत येण्याची वाट तेवढी अडलेली असते.