४५ दिवसांच्या वरची रजा : बुडते कधी, पैसे मिळतात कधी?

न वापरलेली रजा आपोआप पुढे जाते आणि नोकरी सोडताना तिचे पैसे मिळतातच, असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्रातल्या दुकाने, खासगी कार्यालये, हॉटेले अशा आस्थापनांना लागू असलेल्या २०१७ च्या राज्य कायद्यात मात्र सगळा खेळ एका अर्जावर अवलंबून आहे. (कारखान्यांचे नियम वेगळे आहेत.)

या कायद्यानुसार वर्षभरात किमान २४० दिवस काम केलेल्या कर्मचाऱ्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा मिळते. हिलाच बऱ्याच ठिकाणी पीएल किंवा ईएल म्हणतात. साठवण्याची मर्यादा ४५ दिवस. वर्षाला मिळणाऱ्या आठ नैमित्तिक रजा वेगळ्या. त्या न घेतल्यास वर्षअखेरीस बुडतात, पुढे जात नाहीत.

समजा, पुण्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या खात्यात ३८ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. गेल्या वर्षी तो २६४ दिवस कामावर होता, म्हणजे १३ दिवस नव्याने जमा. बेरीज होते ५१, मर्यादा ४५. वरच्या ६ दिवसांचे काय?

त्याने रजा मागितलीच नसेल, तर ते ६ दिवस गेले. पण १५ दिवस आधी अर्ज केला होता आणि मालकाने नाकारला, तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कायदाच देतो. "सध्या काम जास्त आहे, नंतर बघू" हे तोंडी उत्तर इथे महागात पडते, कारण मागितल्याचा आणि नाकारल्याचा पुरावाच उरत नाही. अर्ज ईमेलवर किंवा रजेच्या पोर्टलवर करावा आणि नकाराचा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवावा. नोकरी सुटली की कंपनीचा ईमेल बंद होतो, हे बरेच जण विसरतात.

नोकरी संपतानाही हाच धागा. मालकाने कामावरून काढले, तर शिल्लक अर्जित रजेचे पैसे द्यावे लागतात. रजा मागून ती नाकारली गेली आणि मग कर्मचाऱ्याने नोकरी सोडली, तरीही द्यावे लागतात. मात्र रजा कधी मागितलीच नाही आणि थेट राजीनामा दिला, तर कायद्याच्या या तरतुदीत त्याचा उल्लेख नाही. मग नेमणूकपत्र आणि कंपनीचे रजा धोरण काय म्हणते, त्यावर ठरते. बऱ्याच कंपन्या तरीही पैसे देतात, पण ते धोरण म्हणून.

रक्कम पाहतानाही हिशेब तपासावा. मूळ पगार २६,००० रुपये असेल आणि कंपनी त्याला २६ ने भागत असेल, तर एका दिवसाचे १,००० रुपये होतात. ३० ने भागले तर साधारण ८६७. म्हणजे ४५ दिवसांत जवळपास सहा हजारांचा फरक. कोणता आकडा वापरला आहे, हे अंतिम हिशेबाच्या कागदावर सही करण्याआधीच विचारावे.